अंगठ्याखालची ओळ

सकाळी चहाचा कप मावशी उजव्या हातात धरायची आणि फोन डाव्या हातात. डावखुरी ती नव्हती. तरी पहिला घोट घेण्याआधी डाव्या अंगठ्याने फोनवर काहीतरी उघडायची, एखादी ओळ सरकवायची, परत आणायची, डोळे मिटून तेच पुन्हा करायची. तोवर चहावर साय धरायची. आजी म्हणायची, "हिचा चहा आधी थंड होतो, मग ही उठते." मावशी हसून म्हणायची, "जगात प्रत्येकाचा उजवा हात रिकामा नसतो गं आई. कुणाच्या हातात पिशवी असते, कुणाच्या कडेवर पोर."

हेच तिचं काम होतं. फोनवरच्या ॲपमध्ये कुठे बोट ठेवलं की काय व्हावं, काय सरकावं, कधी फोन थरथरावा आणि कधी अजिबात थरथरू नये, हे ठरवण्याचं. नातेवाइकांना ते सांगता सांगता तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी तिने "कंप्युटरचं काम" म्हणून विषय संपवायला सुरुवात केली. ऑफिसात तिला अंगठा मॅडम म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही.

ऑफिस म्हणजे एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत कोड लिहिणारा बसायचा. तो इतका कमी बोलायचा की त्याचं नाव घुम्या पडलं होतं, आणि तो त्या नावाला ओ द्यायचा. बाहेरच्या खोलीत मावशी, आणि तिच्या टेबलावर एका ट्रेमध्ये मांडलेले फोन: नवे, जुने, तडा गेलेले, एक तर जाड रबरी कव्हरातला, चिखलात पडला तरी चालेल असा. मालकांना सगळे सर म्हणत. सरांची नजर चांगली होती. एखादं चित्र किंवा एखादा रंग कुठे खटकतोय ते त्यांना लगेच कळायचं. फक्त त्यांना पडद्यावर गर्दी सहन व्हायची नाही.

त्या वर्षी त्यांच्याकडे घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचं ॲप होतं. हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या पेशंटला इंजेक्शन, ड्रेसिंग, तपासणी हवी असते. सकाळी हॉस्पिटलच्या टेबलावरून त्या भेटी थेट नर्सच्या फोनवर यायच्या, एकाखाली एक ओळी. मावशीने प्रत्येक ओळीवर एक बटण ठेवलं होतं, "भेट झाली", आणि कडेला तीन टिंबं. टिंबांवर बोट ठेवलं की बाकीचं सगळं शब्दांत लिहिलेलं: पुढे ढकला, भेट काढा, फोन करा.

सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे म्हणजे सरकारी फॉर्म झाला."

"नर्सला कळतं ना, सर?"

"सरकवून होतं की सगळं. डावीकडे सरकवलं की भेट निघेल, उजवीकडे सरकवलं की झाली. आजकाल लहान पोरांनाही येतं."

"येतं हो. पण ज्याला माहीत नाही त्याला ते दिसतही नाही. सरकवणं ही पायवाट असावी, सर. हमरस्ता बंद करून पायवाट ठेवत नाहीत."

सर हसले. पण बटण गेलं, टिंबं गेली. काढलेल्या भेटी जिथे साठतात तो पडदासुद्धा लपला. ॲपच्या वरच्या शीर्षकावर बोट दाबून धरलं तरच तो उघडणार होता. मावशी दोन दिवस भांडली आणि मग चाचणीपुरतं म्हणून गप्प बसली. कंपनाचंही तसंच. सरांना ॲप "जिवंत" वाटायला हवं होतं, म्हणून प्रत्येक स्पर्शाला फोन थरथरायचा. उघडलं तरी, मिटलं तरी, काढलं तरी, सगळ्याला तीच थरथर. मावशी म्हणाली होती, "सगळ्यालाच हो म्हणणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?" तेही तिथेच राहिलं.

चाचणी सुरू झाली तेव्हा काही नर्सेसकडे ते ॲप गेलं. मावशी आपल्या पडद्यावर त्यांच्या फोनवरच्या हालचाली बघत बसायची. नावं दिसायची नाहीत, पेशंटची माहिती दिसायची नाही. नुसतं इतकंच की कुठल्या पडद्यावर, बोट कुठे टेकलं, कुठे उचललं, काय झालं.

त्या दिवशी सकाळचं काम चांगलं चाललं होतं. घुम्या आत हेडफोन लावून बसला होता. मावशी सांडलेली साखर टेबलावरून पुसत होती. पडद्यावर एक नोंद आली आणि तिचा हात थांबला.

भेट काढली. परत आणली नाही.

नर्स भेट काढत नाही. पेशंट नको म्हणाला तरी ती वरच्यांना विचारते. मावशीने ती नोंद उघडली. बोट टेकलं होतं पडद्याच्या अगदी उजव्या काठाशी, काठापासून केसभर आत. तिथून डावीकडे सरकलं होतं, झपकन. आणि त्यानंतर काहीच नाही. पडदा बंद.

तिने ट्रेमधला रबरी कव्हरातला फोन उचलला. नर्सेसना असेच फोन दिले होते. कव्हराची कड पडद्यापेक्षा उंच होती. तिने अंगठा काठावरून आत ओढला, मागे जायला आपण सगळेच ओढतो तसा. अंगठा कडेवर अडला, उचलला गेला आणि पडद्यावर टेकला तो थोडा आत. फोनला ते मागे जाणं वाटलंच नाही. अंगठ्याखालची ओळ सरकली, नाहीशी झाली. फोन थरथरला, अगदी मागे जाताना थरथरतो तसाच. खाली एक बारीक पट्टी आली, "परत आणा", आणि मावशीने श्वास घेईपर्यंत गेलीही.

"घुम्या."

त्याच्या कानात हेडफोन.

"घुम्या, ते कानातलं काढ."

तो बाहेर आला. तिने त्याला दाखवलं. तो खाली वाकून बघत राहिला.

"तिला वाटलं ती मागे गेली," मावशी म्हणाली. "फोन खिशात टाकला. पट्टी तिने बघितलीच नाही."

"कुठली भेट?"

"तेच तर. तुझ्याकडे सर्व्हरवर असेल ना?"

घुम्याने मान हलवली. "चाचणीच्या सर्व्हरवर खरंच पुसलं जातं, ताई. न पुसता नुसती काढल्याची खूण करून ठेवायचं ते पुढच्या आवृत्तीत येणार होतं. रात्रीची प्रत आहे, पण ही भेट आज सकाळीच आलेली दिसते."

"म्हणजे कुठेच नाही?"

"तिच्या फोनवर आहे. लपवलेल्या पडद्यात."

पुढचं मला मावशीकडून कळलं, थोडं घुम्याकडून, आणि बरंच ज्यांच्या फोनवरून ती भेट निघाली त्या सिस्टरकडून. सिस्टर नंतर आमच्या घरी येत जात राहिल्या.

नोंद कुठल्या फोनची ते कळत होतं; कुठला फोन कुणाला दिलाय ती यादी बघून मावशीने सिस्टरना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने खुर्ची मागे सारली आणि उभ्यानेच लावला. तोवर सर आले होते. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर काय झालं हा प्रश्न. तिने सांगितलं.

"चुकून टेस्ट करून बघितलं असेल," सर म्हणाले.

"काठाशी, सर? एवढ्या झपकन?"

"तिला आपल्या भेटी माहीत असतील की. एखादी कमी दिसली तर विचारेल."

"जे नाहीये ते कमी दिसत नाही, सर. यादी पूर्णच दिसते. नेहमीचा पेशंट असता तर आठवला असता. हा यादीत आजच आलाय."

सरांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. नर्सेसच्या प्रमुखांना त्यांनीच फोन लावला, स्पीकरवर. मोठ्या सिस्टर कुठल्याशा प्रशिक्षणात होत्या, बाहेर येऊन कुजबुजत बोलत होत्या. "मला कसं माहीत असणार? आता तुमच्याच ॲपमधून थेट जातं ना सगळं? माझ्या हातून जात होतं तेव्हा मला तोंडपाठ असायचं." आणि मग आवाज बदलून, "नुकताच घरी सोडलेला म्हणजे बहुतेक इंजेक्शनवाला. जेवणाआधीचं असतं ते. शोधा लवकर."

हॉस्पिटलच्या टेबलावरचा माणूस सज्जन होता. "नाव सांगा," तो म्हणाला, "एका मिनिटात बघतो."

"नावच तर हवंय."

"मॅडम, कालपासून इथून कितीजण घरी गेलेत. काही आमच्या नर्सेसकडे, काही दुसऱ्यांकडे. नावाशिवाय काय बघू?"

मावशीने फोन ठेवला आणि खिडकीशी गेली. खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी आरशासमोर फ्रेम लावून बघत होतं, काढत होतं, दुसरी लावत होतं. तिला वाटलं, किती सोपं आहे. आवडलं नाही की काढायचं, काढलं तरी ते समोरच असतं.

पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला गेला.

"हो मॅडम, ड्रेसिंगला होते, हात भरलेले होते." जिन्यात असल्यासारखा घुमणारा आवाज.

"सिस्टर, तुमच्या फोनवरून सकाळी एक भेट निघालीय."

"मी नाही काढली." लगेच, ताठ. "मी कशाला काढू? माझ्या नावावर असं काही टाकू नका हं."

"तुम्ही नाही काढली. आमच्यामुळे निघाली. तुम्ही मागे जायला अंगठा सरकवलात, तेव्हा."

"पण थरथरला होता तो. म्हणजे गेला ना मागे?"

मावशीने डोळे मिटले. "कशानेही थरथरतो तो. ते आमचं चुकलंय. आता एक करायचंय. स्पीकर चालू करा आणि ॲप उघडा. कुठल्याही ओळीला हात लावू नका. वर 'आजच्या भेटी' लिहिलंय?"

"लिहिलंय."

"त्या शब्दांवर बोट ठेवा आणि दाबून धरा."

"ठेवलं. थरथरला. काही नाही झालं."

"बोट उचललंत?"

"थरथरला म्हणून उचललं."

सरांनी हळूच खुर्ची ओढली आणि बसले.

"पुन्हा ठेवा. तो थरथरेल, थरथरू दे. मी सांगेपर्यंत उचलू नका. ठेवलं? तसंच ठेवा. तसंच..."

जिन्यात कोणीतरी वरून खाली आलं, सिस्टर "सॉरी हं, जा" म्हणाल्या, बोट निसटलं. पुन्हा. मावशीने टेबलावरच्या फोनवर स्वतःचा अंगठा ठेवला होता. तिचा पडदा उघडला तेव्हा ती म्हणाली, "आता?"

"काहीतरी आलं. 'काढलेल्या भेटी'. अगंबाई, हे इथे होतं?"

"इथे होतं," मावशी म्हणाली. सरांनी मान खाली घातली.

"एकच ओळ आहे. मी सरकवून परत..."

"थांबा." मावशीचा आवाज एवढा वर गेला की घुम्या दचकला. त्या पडद्यात उजवीकडे सरकवलं तर भेट परत येत होती. डावीकडे सरकवलं तर कायमची जात होती, आणि तिथे "परत आणा" ची पट्टीही नव्हती. कुठली बाजू कुठली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जाड कव्हर, जिन्यातला अंधार, घाईतला अंगठा. तिने आवाज खाली आणला, चहा विचारावा इतका साधा. "सरकवू नका, सिस्टर. परत आणायचीच नाही आपल्याला. हात बाजूला घ्या. तुम्हाला दिसतंय ना? नुसतं वाचा."

घुम्याने हाताशी असलेल्या पाकिटाच्या पाठीवर लिहायला पेन धरलं. सिस्टरनी वाचलं: एका आजींचं नाव, पत्ता, ऑपरेशननंतर काल घरी, साखरेचा त्रास, इंजेक्शन दुपारच्या जेवणाआधी, आणि त्याचा डोस. घुम्याने लिहिलं, हॉस्पिटलच्या टेबलावरच्या माणसाला फोन लावला आणि नाव सांगितलं. त्याच्या कागदांतून त्या माणसाने डोस वाचून दाखवला, तो सिस्टरच्या पडद्यावर होता तोच.

"माहितीये मला ही गल्ली," सिस्टर म्हणाल्या. "निघते."

"फोन बंद करताना बाजूचं बटण दाबा. पडद्यावर काही करू नका."

"मॅडम," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर त्या जिन्यातच थांबल्यासारख्या वाटल्या, "मला वाटलं तुम्ही मला ओरडायला फोन केलात."

मग नुसतं थांबायचं होतं. मावशीला ते कधी जमलं नाही. तिने ट्रेमधले फोन पुसायला घेतले, एकेक, तडा गेलेलाही. सर दोनदा खिडकीशी जाऊन आले. कोणी जेवायला उठलं नाही. ती पेशंट आजी एकटी राहते की कोणी सोबत आहे, ते पडद्यावर नव्हतं. नर्स आलीच नाही म्हणून ती जेवून बसली असेल की उपाशी, तेही नाही.

सिस्टरचा फोन आला तेव्हा त्या दमलेल्या होत्या, पण आवाज हसरा होता. दार उघडंच होतं म्हणे. आजी खुर्चीत बसली होती, बाही कोपरापर्यंत गुंडाळून, ताट झाकून समोर ठेवलेलं. सिस्टरना बघून म्हणाली, "सकाळपासून बाही वर करून बसलेय. हात गारठला माझा."

मावशीने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकवलं. घुम्या आत गेला आणि चहा घेऊन आला, तिघांसाठी. त्याने आयुष्यात पहिल्यांदा चहा केला असावा. फार वाईट होता.

"तुमची ती टिंबं," सर म्हणाले. "परत आणा."

"बटण पण, सर."

"बटण पण. आणि ते दाबून धरायचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला स्वच्छ हवं होतं हो. लपवायचं नव्हतं काही."

"माहितीये. मीही ऐकलंच की तुमचं."

पुढचे काही आठवडे ती दोन खोल्यांत जे करत होती ते बाहेरच्याला कदाचित क्षुल्लक वाटेल. सरकवणं तिने काढून टाकलं नाही. ज्यांचा हात त्याला सरावला होता त्यांचा वेळ वाचत होता. पण आता डावीकडे सरकवलं की ओळ थोडी सरकून थांबायची आणि मागून लाल चौकोन दिसायचा, त्यावर "भेट काढा" हे शब्द. काढायला त्या शब्दांवर बोट ठेवावंच लागायचं, लांब ओढून आपोआप निघायचं नाही. काठाजवळ बोट टेकलं तर ओळ हलायचीच नाही, आणि काठ म्हणजे कव्हरासकटचा काठ, ट्रेमधल्या सगळ्या फोनांवर बघून ठरवलेला. तेच काम तीन टिंबांमध्येही होतं, शब्दांत, ज्याला सरकवणं ठाऊक नाही किंवा जमत नाही त्याच्यासाठी. "परत आणा" ची पट्टी आता आपण होऊन जात नसे. नर्सने काहीतरी पुढचं केलं की मगच जायची. आणि ती गेली तरी "काढलेल्या भेटी" टिंबांमध्ये नाव लावून उभ्या होत्या. त्या पडद्यात सरकवणं नव्हतंच, फक्त एक बटण. सर्व्हरवरही आता पुसलं जायचं नाही, खूण व्हायची, आणि कोणी भेट काढली की मोठ्या सिस्टरना तिथल्या तिथे कळायचं.

कंपनांवर ती सगळ्यात जास्त अडून बसली. तिने जवळजवळ सगळी काढून टाकली. राहिली दोनच. ओळ सरकून लाल चौकोनापर्यंत उघडली की एक बारीक टिचकी. खरंच भेट निघाली की दोन, थोड्या जड, कशाशीही गोंधळ न होणाऱ्या. आणि ज्याने फोनची थरथर बंद ठेवलीय त्याच्यासाठी तेच डोळ्यांना दिसणारं, शब्दांत. "हाताला सांगितलं म्हणून डोळ्याला सांगायचं नाही असं नाही," ती घुम्याला म्हणायची. घुम्या त्या दोन टिचक्यांची लांबी पुन्हा पुन्हा बदलून द्यायचा, ती डोळे मिटून फोन हातात घेऊन म्हणायची, "अजून हलकी. ही दाराची कडी वाटते, मला पानाची घडी हवीय."

सिस्टरना तिने ऑफिसात बोलावलं. तोच रबरी कव्हरातला फोन हातात दिला आणि काही न सांगता समोर बसली. सिस्टरनी मागे जायला अंगठा ओढला. ओळ हलली नाही. पुन्हा ओढला, कडेवरून नीट. पडदा मागे गेला. मग त्यांनी मुद्दाम एक भेट काढली, फोन हातात दोनदा थरथरला, आणि त्या म्हणाल्या, "आता कळलं की काहीतरी केलं मी." मावशीने त्यांना बिस्किटं दिली, आणि त्या गेल्यावर बराच वेळ ट्रेमधले फोन ओळीने लावत बसली.

त्यानंतर मावशी जेमतेम दोन वर्षं होती. आजार तसा मोठा, पण तिने त्याला घरात फारशी जागा दिली नाही. ऑफिसला जात राहिली, नंतर घरून करत राहिली, ट्रेमधले दोन फोन उशाशी. घुम्या रविवारी यायचा, काही न बोलता तिच्या शेजारी बसायचा, नवीन काही असलं की तिच्या हातात ठेवायचा. ती डोळे मिटायची. कधी "हं", कधी "नको".

शेवटच्या सकाळीही चहा उजव्या हातात, फोन डाव्या. मग तिला झोप आली, कप खिडकीत ठेवून आडवी झाली. मी कप उचलायला गेले तर डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे तो. अर्धा आहे अजून."